खो आधी, की उठणे आधी?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहिणारे माझे बहुतेक वर्गमित्र स्पर्धा, ढाली आणि बक्षिसे यांच्याबद्दल लिहितील. मी शाळेच्या खो-खो संघात कधीच नव्हतो. धाराशिव जिल्ह्यात खो-खो न खेळता मोठे होणे तसे अवघड, पण मी पळण्यात मंद होतो आणि त्यामुळे माझी जागा मैदानाबाहेर होती. ती जागा आमच्या खेळाच्या सरांनी रिकामी राहू दिली नाही, म्हणून हे लिहिता येत आहे.

सहावीत अ आणि ब या दोन तुकड्यांचा खेळाचा तास एकत्र असे. एका वेळी पाटीवर आठ आणि उठलेला एक असे नऊ जण पाठलाग करणार आणि तीन जण पळणार, म्हणजे बाकीची मुले कडेला बसून आरडाओरडा करणार हे ठरलेले. सरांनी या बाकीच्यांनाच पंच केले. मधल्या पाटीवरच्या आठ चौरसांच्या त्यांनी चार जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीसाठी दोन्ही बाजूंना एकेक असे आठ पंच उभे केले. शिवाय दोन खांबांजवळ दोघे, एक वेळ पाहणारा आणि एक गुण लिहिणारा. पहिले दोन आठवडे कोणाच्याही हातात शिटी नव्हती. प्रत्येकाने आपल्या दोन चौरसांपुरता एकच प्रश्न पाहायचा होता, तो म्हणजे खो मिळण्याआधी बसलेला गडी उठला का. उठला असे वाटले, तर फक्त हात वर करायचा.

हे सोपे वाटते, पण तसे नाही. प्रेक्षकाचा डोळा आपोआप पळणाऱ्याच्या मागे जातो, आणि पंच झालेल्या मुलाचा डोळाही पहिले काही दिवस तिकडेच जात असे. ‘कुठं बघायलास रे? तो पळणारा तुझा नाही, हे दोन चौरस तुझे,’ असे सर मागून येऊन सांगत. त्यातच बसलेला गडी चवड्यांवर असतो. खो येणार असे दिसताच तो भार पुढे टाकतो, टाच हलवतो, कंबर ताणतो. ही तयारी झाली, उठणे नव्हे. ‘पाय बघू नको, बूड बघ,’ हे सरांचे वाक्य स्मरणिकेत शोभणारे नसेल, परंतु टाचेवरून बूड सुटणे आणि चौरसातून पाय पुढे पडणे या दोन गोष्टींकडे पाहायला आम्ही त्यातूनच शिकलो.

खरी अडचण या खेळाच्या रचनेतच आहे. पाटीवर बसलेले गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि खो नेहमी पाठीमागूनच द्यावा लागतो. त्यामुळे खो देणारा एका अर्ध्या भागात असतो, तर खो मिळालेला गडी उठून दुसऱ्या अर्ध्या भागात धावतो. नियमाप्रमाणे पंच दोन असतात, ते मैदानाच्या कडेला उभे राहतात आणि मधल्या पाटीने त्यांचे भाग वाटलेले असतात. म्हणजे एकच चूक दोघांच्या सीमेवर घडते. हाताचा स्पर्श एकाला चांगला दिसतो, उठणे दुसऱ्याला, आणि ‘खो’ हा आवाज मात्र दोघांनाही ऐकू येतो.

हे मला समजले ते माझी फजिती झाल्यावर. दिवाळीच्या सुट्टीआधी अ आणि ब तुकड्यांचा सामना झाला, त्यात नियमाप्रमाणे दोनच पंच होते. एका बाजूला अ तुकडीचा मी, दुसऱ्या बाजूला ब तुकडीची एक मुलगी. मोठ्यांचा डाव ९ मिनिटांचा असतो, आमचा ३ मिनिटांचा होता. आमच्या तुकडीचा पाठलाग चालू होता आणि अर्धे मिनिट उरले होते. पाचव्या चौरसावर माझ्याच गल्लीतला मित्र बसला होता. त्याला माझ्या बाजूने खो मिळाला, तो उठला आणि तीन-चार पावलांतच त्याने समोरचा गडी बाद केला. पलीकडे त्या मुलीचा हात वर होता. मी मान हलवून सांगितले की हात लागलेला मी पाहिला आहे, आणि ते खोटेही नव्हते.

दोन पंचांत मतभेद झाला की अंतिम निर्णय मुख्य पंचाचा असतो. ते काम सर करत होते आणि ते तिच्याच बाजूला उभे होते. त्यांनी आम्हा दोघांना वेगवेगळे बाजूला घेतले आणि ‘काय दिसलं तेवढंच सांग, काय झालं असेल ते सांगू नको,’ असे बजावले. मी म्हणालो, हात पाठीला लागला. त्यांनी विचारले, हात लागला तेव्हा पाठ कुठे होती, चौरसात की चौरसाबाहेर? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण मी फक्त हात पाहिला होता. तोवर मुलांनी मुरमावर उमटलेला पायाचा ठसा शोधून काढला. सकाळी पाणी शिंपडलेले असल्याने चौरसापुढे चवड्याची खूण स्पष्ट दिसत होती. सरांनी ती पुरावा म्हणून घेतली नाही. पाऊल कुठे पडले ते ठसा सांगतो, खोच्या आधी पडले की नंतर ते सांगत नाही, असे ते म्हणाले. खो ऐकू येण्याआधी तिचा हात वर गेला होता, हे मात्र त्यांनी स्वतः पाहिले होते. निर्णय फाउलचा झाला. पाठलाग उलट्या दिशेने सुरू करावा लागला, पळणारा नाबाद ठरला आणि आमची तुकडी एका गुणाने हरली. मित्राने माझ्याशी बोलणे सोडले, जणू फाउल मीच दिला होता.

पुढच्या तासाला सरांनी एक नवा प्रकार काढला. एकाला बसवायचे, दुसऱ्याने मागून येऊन खो द्यायचा आणि दोन्ही बाजूंना तिघे-तिघे उभे राहायचे. बसणाऱ्याच्या कानात सर आधीच सांगून ठेवत की आधी ऊठ, किंवा खो मिळाल्यावरच ऊठ. खरे उत्तर त्या दोघांनाच ठाऊक असे. आम्ही न बोलता वहीत लिहायचे आणि मग ताडून पाहायचे. उठणारा स्पष्ट आधी उठला, तर बहुतेकांचे बरोबर येई. अंतर अगदी थोडे असले, की आमची उत्तरे विखुरत, आणि ज्याची तुकडी खेळत असे त्याचे उत्तर आपल्याच तुकडीच्या बाजूने झुके. हे वहीतून उघड दिसू लागल्यावर सरांनी तिसरे उत्तर मान्य केले: ‘एकदमच’. दोन्ही गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत, तर फाउल नाही, खेळ चालू. न दिसलेली चूक अंदाजाने द्यायची नाही. मात्र ‘एकदमच’ लिहिणाऱ्याने आपण कुठे उभे होतो, हेही लिहायचे. कारण पुष्कळदा दोष डोळ्यांचा नसून जागेचा असे. दोन पावले सरकून खो देणाऱ्याचा हात आणि बसलेल्याची कंबर एकाच वेळी दिसतील असे उभे राहिले, की ‘एकदमच’ बरेच कमी होत.

याची मर्यादाही आम्ही पाहिली. पोरे ओरडू लागली की खो ऐकू येत नसे, आणि आवाज गेला की अर्धा पुरावाच जाई. म्हणून सामन्यात एका डावापुरती कडेच्या मुलांना गप्प बसण्याची शिक्षा असे. ती कोणालाच आवडत नसे, मलाही नाही.

माझ्या मित्राने अबोला धरल्याचे सरांना कोणी सांगितले कोण जाणे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी त्याला संघातून एका तासापुरते काढून माझ्या जागी, पाचव्या चौरसासमोर उभे केले. त्या दिवशी त्याच्या वहीत तीन वेळा ‘एकदमच’ असे लिहिलेले होते, आणि सरांनी तिन्हींपुढे बरोबरची खूण केली होती.