शंभरात पंचावन्न वेळा वर: बुलिश एन्गल्फिंगची मी घेतलेली झडती

कँडलस्टिकच्या क्लासला मी दोन महिने रविवारी जात होतो. सर चार्ट दाखवायचे, त्यावर बाण काढलेले असायचे आणि बाणाच्या पुढे शेअर चढलेला असायचा. बाण काढूनही शेअर पडला असा चार्ट दोन महिन्यांत एकदाही पडद्यावर आला नाही. तेव्हा घरी येऊन ठरवलं की एकच पॅटर्न घ्यायचा आणि तो जिथे जिथे आला त्या सगळ्या जागा मोजायच्या.

मी बुलिश एन्गल्फिंग निवडला, कारण त्याची व्याख्या वादाला फारशी जागा ठेवत नाही. काल लाल कँडल, म्हणजे सुरुवातीच्या भावाखाली बंद झालेला दिवस, आज हिरवी, म्हणजे वर बंद झालेला, आणि आजच्या बॉडीने, म्हणजे सुरुवातीच्या आणि बंद भावांमधल्या पट्ट्याने, कालची बॉडी पूर्ण गिळलेली. वर एक अट घातली: त्याआधीच्या पाच दिवसांत शेअर किमान तीन टक्के पडलेला असावा, कारण हा पॅटर्न घसरणीच्या तळाशी अर्थपूर्ण असतो असंच शिकवतात. 2010 ते 2023 चा रोजचा डेटा आणि निफ्टीतले पन्नास शेअर घेतले. पायथनमध्ये मोजणीचा गाभा एवढाच होता:

```python
bull = (c1 < o1) & (c > o) & (o <= c1) & (c >= o1)
fwd5 = close.shift(-5) / close - 1
```

`c1`, `o1` म्हणजे कालचे बंद आणि सुरुवातीचे भाव. `fwd5` म्हणजे पॅटर्न दिसल्यापासून पाच ट्रेडिंग दिवसांनी मिळालेला परतावा. त्या दुसऱ्या ओळीत एक चूक आहे. ती मला तीन आठवडे दिसली नाही.

पहिल्या रात्री उत्तर आलं की अठराशेच्या वर सिग्नल आहेत आणि पाच दिवसांनी शंभरातले साधारण पंचावन्न वर आहेत. मी खूश. तरी झोपण्यापूर्वी सगळ्यात खालचे परतावे एकदा चाळले आणि तिथे उणे पन्नास टक्क्यांच्या आसपासचे आकडे दिसले. इन्फोसिस, सप्टेंबर 2018. त्या महिन्यात कंपनीने एकास एक बोनस दिला होता आणि भाव रातोरात निम्मा झाला होता. गुंतवणूकदाराचं काहीच बुडालं नव्हतं. माझ्या फाइलमधले भाव बोनस-स्प्लिटसाठी दुरुस्त केलेलेच नव्हते. वितरणाच्या टोकाला पन्नास टक्के, ऐंशी टक्के असे गोल तोटे दिसले की आधी बोनस आणि स्प्लिट तपासावेत, ही सवय तेव्हापासून लागली. यादीही बदलावी लागली. मी आजचे निफ्टी शेअर घेतले होते, म्हणजे टिकलेले आणि वाढलेले. येस बँक मार्च 2020 मध्ये निफ्टीबाहेर गेली, म्हणून माझ्या यादीत ती नव्हतीच, आणि तिच्या घसरणीत तयार झालेले, नंतर फसलेले एन्गल्फिंगही नव्हते. प्रत्येक वर्षी त्या-त्या वेळचे पन्नास घेऊन पुन्हा मोजलं.

दिवाळीला ताई घरी आली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि शेअरबाजाराला सरळ जुगार म्हणते. मी लॅपटॉप पुढे केला.

“पंचावन्न टक्के वेळा वर जातो, बघ.”

“आणि पॅटर्न नसताना किती वेळा जातो?”

मी गप्प. तिने फराळाचं ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, “तुला तुलना कशाशी करायची आहे ते आधी ठरव. शून्याशी करून उपयोग नाही. एवढ्या वर्षांत बाजार मुळात वरच गेलाय ना?”

सगळे दिवस मोजले तर कुठलाही पाच दिवसांचा तुकडा निम्म्याहून जास्त वेळा वर होता. म्हणजे पंचावन्नातला मोठा वाटा बाजाराच्या चढत्या कलाचाच होता. तरी सिग्नलची सरासरी सगळ्या दिवसांच्या सरासरीहून वर उरत होती, म्हणून मी वाद घातला. ताई म्हणाली, “तुझी दुसरी अट आहे ना, तीन टक्के पडलेला असावा अशी? मग तेवढेच पडलेले, पण एन्गल्फिंग न झालेले दिवस घे.”

अख्ख्या प्रकरणाचा कणा हाच होता. प्रत्येक सिग्नलसाठी मी त्याच शेअरचे, त्याच वर्षातले, आधीच्या पाच दिवसांत जवळपास तेवढीच घसरण झालेले पण पॅटर्न नसलेले दिवस काढले. दोन्ही गटांच्या पाच दिवसांच्या परताव्यांचे हिस्टोग्राम एकावर एक ठेवले आणि ते जवळजवळ एकमेकांत बुडाले. पडलेला शेअर थोडा सावरतो, हे दोन्हीकडे सारखंच होतं. मला जो कँडलचा गुण वाटत होता तो बहुतेक घसरणीचा होता. हिरव्या बॉडीने लाल बॉडी गिळली काय नि नाही गिळली काय, फार फरक पडत नव्हता.

त्या आलेखात आणखी एक गोष्ट होती जी ‘शंभरात किती’ या आकड्यात कधीच दिसली नसती. सगळ्या दिवसांच्या तुलनेत सिग्नलनंतरचं वितरण दोन्ही बाजूंना पसरट होतं. मोठे नफे जास्त, मोठे तोटेही जास्त. एन्गल्फिंग हा मोठ्या हालचालीचा पॅटर्न आहे आणि मोठ्या हालचाली अस्थिर काळात होतात, म्हणून पुढचे दिवसही अस्थिर असतात. क्लासमध्ये बाणापुढे दिसणाऱ्या त्या झेपा खोट्या नव्हत्या. फक्त तेवढ्याच झेपा खालच्या बाजूलाही होत्या, त्यांवर कोणी बाण काढला नव्हता.

तरी पॅटर्नच्या बाजूने अगदी थोडा फरक उरत होता. अठराशे सिग्नल म्हणजे भक्कम नमुना, असं मी धरून चाललो होतो. पाच दिवसांच्या परताव्याचं प्रमाण विचलन चार टक्के धरलं तर अठराशेच्या सरासरीची प्रमाण त्रुटी चार भागिले अठराशेचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 0.09 टक्का येते. मी ते ताईला अभिमानाने फोनवर सांगितलं.

“सिग्नल अठराशे. तारखा किती?”

तारखा सातशेच्या आसपास होत्या, आणि त्याही घोळक्याने आलेल्या. 20 सप्टेंबर 2019 चं उदाहरण घ्या. त्या शुक्रवारी सकाळी अर्थमंत्र्यांनी पणजीत कंपनी करातली कपात जाहीर केली आणि निफ्टी एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त उसळला. आठवडाभर बाजार पडत आला होता, आदल्या दिवशी बहुतेक कँडल लाल होत्या. खुद्द निफ्टी त्या सकाळी आदल्या बंदपेक्षा जरा वर उघडला, म्हणून काटेकोर व्याख्येत बसत नाही. पण जे शेअर खाली उघडले होते ते एकामागून एक माझ्या यादीत आले. माझ्या हिशेबात हे सगळे स्वतंत्र पुरावे होते. प्रत्यक्षात तो एक पुरावा होता, एका पत्रकार परिषदेचा.

यावर उपाय सोपा निघाला. सिग्नलची चिठ्ठी न काढता महिन्याची काढायची. चौदा वर्षांचे 168 महिने, प्रत्येकाची एक चिठ्ठी. एक काढायची, नोंदवायची, परत टाकायची, असं 168 वेळा. निवडलेल्या महिन्यांतले सगळे सिग्नल आणि त्यांच्या जोडीचे दिवस घेऊन फरक काढायचा. हे सगळं दोन हजार वेळा. एका महिन्यातले सिग्नल एकत्र येतात आणि एकत्र जातात, त्यामुळे घोळका घोळकाच राहतो. शेजारच्या सिग्नलचे पाच-पाच दिवस एकमेकांवर चढतात तो गोंधळही बराचसा आटोक्यात येतो. दोन हजार फरक क्रमाने लावले आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापले. उरलेला पट्टा 0.09 च्या हिशेबाने आला असता त्याहून कितीतरी रुंद होता आणि शून्य त्याच्या पोटात आरामात बसलं होतं.

आता त्या दुसऱ्या ओळीतली चूक. मी परतावा सिग्नलच्या दिवसाच्या बंद भावापासून मोजत होतो. पण बंद भाव कळल्याशिवाय एन्गल्फिंग झालं की नाही हेच कळत नाही. त्यात एनएसईच्या त्या वर्षांच्या भावकॉपीतला, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलमधला, `CLOSE` हा शेवटच्या सौद्याचा भावच नव्हे. दुपारी 3 ते 3:30 मधल्या सौद्यांची, शेअरसंख्येचं वजन दिलेली ती सरासरी असायची. शेवटचा सौदा `LAST` या वेगळ्या रकान्यात असायचा. म्हणजे ज्या भावावर मी कागदावर खरेदी करत होतो तो ठरेपर्यंत नेहमीचा बाजार संपलेला असायचा. नंतर बंद भावानेच सौदे होणारं छोटं सत्र असतं, पण तिथे हवे तेवढे शेअर मिळतील या भरवशावर चाचणी उभी करता येत नाही. ओळ अशी बदलली:

```python
fwd5 = close.shift(-5) / open_.shift(-1) - 1
```

खरेदी दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीच्या भावाला. याने काय होतं ते पुन्हा त्याच शुक्रवारवर पाहा. निफ्टी 11,274 ला बंद झाला आणि पुढच्या शुक्रवारी 11,512 ला. बंदपासून मोजलं तर पाच दिवसांत दोन टक्क्यांहून जास्त नफा. पण सोमवारी बाजार उघडलाच साधारण 11,540 ला. तिथे घेणाऱ्याला तोच आठवडा किंचित तोट्याचा गेला. सगळ्या सिग्नलवर हा बदल केल्यावर उरलासुरला फरक आणखी आकसला. त्यातून डिलिव्हरीवरचा एसटीटी हा सौद्यांवरचा कर खरेदीला 0.1 टक्का आणि विक्रीला 0.1 टक्का, नुसता तेवढाच कापला तरी हातात काही राहत नव्हतं.

यावरून कँडल कुठेच चालत नाहीत असं म्हणता येत नाही. माझी चाचणी रोजच्या कँडलची, मोठ्या शेअरांची, पाच दिवसांची आहे. इतक्या रुंद पट्ट्यात दोन-तीन दशांश टक्क्यांचा खरा फायदा लपलेला असला तरी तो मला दिसणार नाही.

क्लासमधल्या एका मित्राला हे सगळं दाखवलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “एन्गल्फिंग सोड रे. हॅमर बघितलास का? मॉर्निंग स्टार?”

मग एका रात्री टीए-लिब या तयार कोडच्या संग्रहातली सगळी 61 कँडल फंक्शनं लूपमध्ये टाकली, एक, तीन, पाच आणि दहा दिवसांसाठी. म्हणजे 244 चाचण्या. पाच टक्क्यांची पातळी धरली तर कशातच काही नसतानाही त्यातल्या बाराएक चाचण्या ‘यशस्वी’ ठराव्यात. माझ्या अकरा ठरल्या. वर्षं दोन भागांत तोडली, 2010 ते 2016 आणि 2017 ते 2023, तेव्हा दोन्हीकडे टिकलेल्या दोनच राहिल्या, आणि त्यातल्या एका पॅटर्नचे चौदा वर्षांत मिळून चौदा सिग्नल होते. मित्राने तेवढ्या एकाचं नाव लिहून घेतलं.