साडेपाच तासांचा घोळ

प्रोजेक्ट सोडायला चार दिवस उरले होते आणि हँडओव्हरचं डॉक्युमेंट तयार होतं. चौदा पानं. आकृत्या, डेटाबेसमधल्या टेबलांची यादी, सर्व्हरची नावं, सगळं. खरं सांगायचं तर मी त्याच्यावर खूश होतो.

काम तसं साधं. एका वितरक कंपनीच्या खात्यात दिवसभर जमा झालेल्या पैशांची फाइल बँक रात्री ठेवते. आमचा प्रोग्राम ती उतरवून घेतो आणि कुठली रक्कम कुठल्या बिलाची हे जुळवतो. तीन वर्षं हे मीच बघत होतो. आता ते सांभाळणारी मुलगी आमच्याच ऑफिसातली, पण दुसऱ्या टीममधून आलेली.

आमच्या सीनियर मॅडम डॉक्युमेंट चाळून म्हणाल्या, "छान आहे. आता ती एकटी यावरून काम करेल. तू शेजारी बसायचंस. हाताची घडी, तोंडावर बोट."

बुधवारी सकाळी अकराला बसलो. काम एकच: रात्रीचा जॉब फसला असं समजून तो पुन्हा चालवायचा. आधी ती जॉब कधी लागतो ते पाहायला गेली.

```
$ crontab -l
no crontab for recon
```

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर बोट ठेवून. पण पोटात गोळा आला होता. जॉब `recon` या सामायिक खात्यावर आहे, असं मी बिनधास्त लिहिलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी घाईत तो माझ्याच खात्याच्या क्रॉनमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या वेळापत्रकात, टाकला होता आणि 'नंतर हलवू' म्हणून तिथेच राहिला. माझं खातं काढलं की त्याच रात्री जॉब बंद.

ती पुढे गेली. डॉक्युमेंटात एवढंच होतं: '`run.sh` पुन्हा चालवा.' तिने चालवला. लाल अक्षरं नाहीत, एरर नाही. शेवटची ओळ:

```
matched: 0
done
```

"झालं?" तिने विचारलं. आता मात्र बोट काढावंच लागलं. कारण झालं काहीच नव्हतं.

आमचा सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. जॉब आपल्या घड्याळात रात्री सव्वादोनला लागतो, तेव्हा सर्व्हरवर आदल्या दिवसाचे रात्रीचे पावणेनऊ वाजलेले असतात. त्यामुळे प्रोग्रामने 'आजची तारीख' घेतली तरी ती बरोबर कालची निघते, आणि फाइलही कालचीच हवी असते. पहाटे साडेपाचला सर्व्हरची तारीख बदलते. त्यानंतर तोच प्रोग्राम हाताने चालवला, की तो आजची फाइल शोधतो, जी बँकेने अजून बनवलेलीच नसते.

मग एरर का नाही? तेही माझंच कर्तृत्व. ही बँक सुट्टीच्या दिवसाची फाइल देतच नाही, त्या रकमा पुढच्या कामाच्या दिवसाच्या फाइलमध्ये येतात. दर सोमवारी पहाटे एररचे मेल नकोत म्हणून मी 'फाइल नसेल तर शून्य धरा' असं लिहून ठेवलं होतं. सकाळी जॉब पुन्हा चालवायची वेळ आली की मी न चुकता पुढे तारीख लिहायचो. हात आपोआप चालायचा, म्हणून ते कागदावर आलंच नाही.

दुपारी आकृत्यांची सहा पानं उडवली. (ती कोणी वाचणार नव्हतंच.) पुन्हा चालवायची कृती तिने स्वतःच्या शब्दांत लिहिली: आधी कॅलेंडरवर पाहा, काल बँक चालू होती का, चालू असेल तर ज्या दिवसाची फाइल हवी ती तारीख हाताने द्या, `./run.sh 2025-03-11` अशी, आकडा शून्य आला तर काम झालं नाही असं समजा. मी सुचवलं, तारीख लिहिण्याऐवजी `date -d yesterday +%F` वापर. ती म्हणाली, "आणि पहाटे पाचला चालवावं लागलं तर? तेव्हा ते परवाची तारीख देईल ना?" बरोबर होतं तिचं.

क्रॉन हलवणं पाच मिनिटांचं काम. पण बँकेच्या सर्व्हरवर शिरायची एसएसएच की सुद्धा माझ्याच खात्यात होती, `run.sh` कोणीही चालवला तरी तीच वापरायचा. नवी की नोंदवायला ग्राहक कंपनीच्या अधिकृत व्यक्तीची सही लागते, आणि बँक तिच्या सवडीने करते. म्हणून क्रॉनही तोवर होता तिथेच ठेवला. डॉक्युमेंटच्या पहिल्या पानावर आता सगळ्यात वर तेच आहे: अर्ज कोणाकडे अडकलाय, फोन कोणाला करायचा, आणि नवी की चालल्याशिवाय माझं खातं काढू नका. आयटीवाल्यांना तसा वेगळा मेलही टाकला.

दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी तिचा मेसेज आला: "matched: 0. काल चौथा शनिवार होता. मी झोपतेय."