बैठ्या मापाची पँट : आमची वाटचाल

आमचं दुकान लातूरला, गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर. वडिलांच्या काळात शाळेचे गणवेश आणि लग्नाचे सफारी, एवढंच चालायचं. आज निम्म्याहून जास्त काम व्हीलचेअरवरच्या, लकवा झालेल्या, कमरेखाली ताकद नसलेल्या माणसांचं असतं. हे काम कुठल्या योजनेतून आलं नाही. गुरुजींमुळे आलं.

गुरुजी औसा तालुक्यातले, वडिलांचं जुनं गिऱ्हाईक. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात घराची दगडी भिंत कमरेवर आली आणि पाय गेले. वडील वारल्यावर ते एकदा आमच्याच दुकानातली पँट घेऊन आले, कटिंगच्या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "बाबा, माप माझं घेतलंस, पण शिवलीस उभ्या माणसाला."

खरंच होतं. उभं राहून घातलेली पँट बसल्यावर काय करते ते कुठल्याही शिंप्यानं स्वतः बसून बघावं. मागची कंबर खाली ओढली जाते, शर्ट सुटतो, पाठ उघडी पडते. पुढे पोटापाशी कापड गोळा होतं आणि पट्ट्याचं बक्कल पोटात रुततं. मोहरी नडगीपर्यंत चढते. आपण मधेच उठून पँट वर ओढतो. गुरुजींनी उठायचं कसं?

आमचे कटिंग मास्तर वडिलांच्या वेळचे. त्यांनी पँटचा जुना कागदी ड्राफ्ट घेतला आणि मागच्या भागाला सीटच्या रेषेवर कात्री लावली, मधल्या शिवणीकडून बाजूच्या शिवणीपर्यंत, पण बाजूला दोरीएवढं टोक जोडलेलं ठेवलं. मग मधे अडीच इंच उघडलं. पुढच्या भागाला तिथंच उलटं केलं, मधे दीड इंचाची घडी घातली, बाजूला शून्य. त्यामुळे बाजूच्या शिवणीची लांबी बदलत नाही, पुढचा-मागचा भाग बरोबर जुळतो, आणि आसन मागे उंच, पुढे आखूड होतं. लांबीत दोन इंच वाढवले, कारण गुडघा दुमडला की पुढून कापड खातो. हे आकडे गुरुजींचे. पोट सुटलेल्या माणसाला पुढची घडी कमी घ्यावी लागते. माप बसवूनच घ्यावं, उभ्या मापात अंदाजानं भर घालणाऱ्याच्या नादी लागू नये.

पण खरा प्रश्न मापाचा नव्हता, शिवणीचा होता. गुरुजींना कमरेखाली काही जाणवत नाही. आपल्याला मागच्या खिशातलं पाकीट टोचलं की आपण कूस बदलतो. त्यांना टोचतच नाही, म्हणून जखम होते, आणि बैठकीच्या हाडावरची जखम महिनोन् महिने भरत नाही. साध्या पँटला दोन पायांच्या मधे, म्यानीच्या जागी, चार शिवणी एकत्र येतात, त्यावर ओव्हरलॉकचा जाड काठ, मागे खिशाचं दुहेरी कापड, कधी रिव्हेट. माणूस दिवसभर त्याच्यावर बसतो.

म्हणून मागचे खिसे काढले. चार शिवणींचा चौक मोडायला मास्तरांनी जुन्या पायजम्याची म्यानी घातली. चौकोनी तुकडा आल्यामुळे सांधे वेगवेगळे झाले आणि पुढे सरकले. राहिलेली मागची शिवण दोन्ही बाजूंना उघडून, काठ आत दुमडून चपटी केली. आतलं लेबल काढलं, त्याचा जळका कोपरा सुईसारखा असतो. खिसे मांडीवर आणले, म्हणजे बसल्या बसल्या हात जातो. पुढची चेन जवळजवळ म्यानीपर्यंत नेली, प्लास्टिकची, रनरला मोठी कडी. कंबरपट्टीच्या आत दोन्ही बाजूंना नाडीचे लूप दिले. बोटांना पकड नसली तरी अंगठा अडकवून पँट ओढता येते. कापड सुती, थोडं ताणणारं. लातूरच्या उन्हाळ्यात टेरिकॉट घालून खुर्चीवर बसणं म्हणजे घाम आणि घामोळं.

पँट बरी जमली की नाही हे आरशात कळत नाही. गुरुजींना खुर्चीवरून पलंगावर घेतल्यावर त्यांच्या घरच्या काकू कातडी बघायच्या. शिवणीचा लाल वळ उठला असेल आणि अर्ध्या तासातही गेला नाही, तर ती पँट परत. आजही आम्ही प्रत्येक घराला हे सांगतो. आणि हेही सांगतो की पँट जखम थांबवत नाही. चांगली गादी आणि थोड्या थोड्या वेळानं अंग उचलणं याला पर्याय नाही. शिवण फक्त आपल्या वाट्याचा त्रास कमी करते.

आता हातची ऑर्डर गेल्याची गोष्ट. आमच्याकडे शिकलेला एक मुलगा बाहेर पडला आणि त्यानं त्याच गल्लीत दुकान टाकलं. टाकू दे, आम्हीही कुणाकडून तरी शिकलोच. पण त्यानं कमरेपासून पायापर्यंत दोन्ही बाजूंना वेल्क्रो लावला, आतला ड्राफ्ट बाजारातला उभ्याचाच ठेवला, आणि 'अपंगांसाठी खास पँट' म्हणून आमच्या निम्म्या भावात द्यायला लागला. एका संस्थेनं आमच्याकडे मोठी ऑर्डर तोंडी पक्की केली होती. राखाडी कापडाचे तागे घरात आले, आणि मग ऑर्डर त्याच्याकडे गेली. कापडाचं बिल आमच्या बोकांडी. बँकेचे हप्ते थकले, इंटरलॉक मशीन विकली. मास्तरांनी दिवाळीपर्यंत पगार मागितला नाही. जुकी शिलाई मशीन तेवढी विकली नाही, ती वडिलांची.

वेल्क्रो वाईट नाही. पण धुताना बंद केला नाही तर आकड्यांच्या बाजूत दोरे-केस भरतात आणि पकड जाते. आकड्यांची बाजू अंगाकडे आली तर कातडी खरवडते. बाजूला सलग लावला तर चाकं ढकलताना मांडीवरचं कापड ताणलं की सुटतो. संस्थेनं शिबिरात वाटलेल्या त्याच्या पँटी पंधरा-वीस धुण्यांतच सुटायला लागल्या. गावात बोभाटा काय? 'व्हीलचेअरच्या पँटी बाजारात उघड्या पडतात.' म्हणजे आमच्याही.

गुरुजींनी ती पँट मुद्दाम मिळवली, घातली, आणि संस्थेच्या बैठकीत गेले. मी दाराशी उभा होतो. त्यांनी दोन्ही हातांनी चाकं जोरात ढकलली, आणि सगळ्यांसमोर उजवी बाजू चर्रकन उकलली. गुरुजी म्हणाले, "हा आवाज मला भर लग्नात ऐकवणार का तुम्ही?" मग मांडीवर शाल ओढून त्यांनी आमची पँट टेबलावर ठेवली.

तरीही ऑर्डर परत मिळाली नाही. कापडाचे पैसे आजतागायत कुणी दिले नाहीत, त्या ताग्यांचे शेवटी बँडवाल्यांचे ड्रेस झाले. पण बैठकीला एक सिस्टर होत्या. त्यांनी पेशंट पाठवायला सुरुवात केली. त्यांच्याच पेशंटांमुळे लघवीच्या पिशवीसाठी पायाच्या आतल्या बाजूला चेन आली, आणि लकव्याच्या बायांसाठी पुढे उघडणारे, खांद्यावर टिच बटणं असलेले ब्लाउज आले. पुढची वर्षं बरी गेली.

नव्यानं या कामात येणाऱ्या पोरांनी एवढं करावं: कुरिअरवर माप आलं तर बसलेला फोटो बाजूनं मागवा, आणि दोन्ही पायांचं माप वेगवेगळं घ्या, एक पाय बारीक झालेला असतो. उधारी संस्थेला देऊ नका, माणसाला द्या. माणूस परत येतो.

त्या मुलाच्या दुकानाबाहेर हल्ली 'बैठ्या मापाची पँट' असा बोर्ड आहे. नमुना काचेत टांगलाय. कंबर मागून उंच केलीये, म्यानीही घातलीये. मागचा खिसा मात्र तसाच आहे.