17 सप्टेंबरचा वार: आधी पर्याय छाटा, मग दुसऱ्या वाटेने पडताळा

मंडळी, सध्या माझी वही कॅलेंडरच्या प्रश्नांनी भरते आहे. कोडी, आकृत्या, बैठक व्यवस्था हे सगळं बाजूला ठेवून फक्त वार काढायचे, असं ठरवलं होतं. परीक्षा द्यायची नाही, त्यामुळे घाई नाही. पण परभणीतल्या ज्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी बसतो, तिथे तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली असतात. त्यांचे सराव संच हाताशी असल्यामुळे प्रश्न शोधत फिरावं लागत नाही. या वेळची नोंद एकाच प्रश्नाची आहे, कारण त्याचे चारही पर्याय विचार करून निवडलेले आहेत.

प्रश्न असा: 17 सप्टेंबर 1948 रोजी शुक्रवार होता, तर 17 सप्टेंबर 2023 रोजी कोणता वार असेल? पर्याय: शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार.

तारीख आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. मराठवाडा मुक्तीसंग्राम दिन, आणि 2023 म्हणजे त्याची 75 वर्षं. त्या दिवशी झेंडावंदनाला गेलेल्यांपैकी काहींना वार आठवतही असेल, पण आठवणीवर उत्तर ठरवायचं नाही असा आपला नियम आहे.

नेहमीची रीत तुम्हाला माहीतच आहे. साध्या वर्षात 365 दिवस, म्हणजे 52 आठवडे आणि 1 जादा दिवस. लीप वर्षात 2 जादा दिवस. 75 वर्षांचे 75, त्यात लीप वर्षांची संख्या मिळवायची, 7 ने भागायचं आणि बाकी येईल तितके वार पुढे जायचं. सगळा गोंधळ त्या लीप वर्षांच्या संख्येत होतो. म्हणून मी संख्या मोजायच्या आधी एक वेगळाच प्रश्न विचारतो: ती संख्या किती असू शकते?

कुठल्याही तारखेपासून बरोबर 4 वर्षं पुढे गेलं, की मध्ये 29 फेब्रुवारी एकदाच येतो. सुरुवात कुठल्या महिन्यात आहे याने फरक पडत नाही. मग 72 वर्षांत 29 फेब्रुवारी 18 वेळा येणारच. उरलेल्या 3 वर्षांत तो एकदा येईल किंवा येणार नाही. म्हणजे 75 वर्षांत तो 18 वेळा किंवा 19 वेळा, तिसरी शक्यता नाही. 75 अधिक 18 म्हणजे 93, बाकी 2. 75 अधिक 19 म्हणजे 94, बाकी 3. शुक्रवारच्या पुढे दोन म्हणजे रविवार, तीन म्हणजे सोमवार. शनिवार आणि मंगळवार इथेच कटले, आणि अजून आपण एकही लीप वर्ष मोजलेलं नाही.

ही छाटणी मला फार आवडते, कारण ती अंदाजावर चालत नाही. बरेच जण सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात विचित्र दिसणारा पर्याय काटतात. वारांच्या प्रश्नात तसं करता येत नाही, सात वार दिसायला सारखेच. इथे पर्याय काटायला कारण लागतं, आणि ते कारण कागदावर एका ओळीत मांडता येतं.

आता दोनातला एक. 17 सप्टेंबर 1948 पासून 72 वर्षं मोजली की आपण 17 सप्टेंबर 2020 वर येतो, तिथपर्यंत 18. पुढे 2021, 2022, 2023 यांत 29 फेब्रुवारी नाही, तो थेट 2024 मध्ये. म्हणून 18, बाकी 2, उत्तर रविवार.

पर्याय विचार करून निवडलेले आहेत असं का म्हटलं, ते सांगतो. 1948 हे लीप वर्ष आहे म्हणून तेही धरलं, तर 19 होतात आणि सोमवार येतो. पण त्या वर्षीचा 29 फेब्रुवारी सप्टेंबरच्या आधीच होऊन गेला होता. 2000 हे शतकवर्ष, म्हणून ते लीप नाही असं मानून वगळलं, तर 17 उरतात आणि शनिवार येतो. खरं तर 400 ने भाग जाणारं शतकवर्ष लीप असतं, त्यामुळे 2000 लीप होतं आणि 1900 नव्हतं. 1948 सोबत 2024 सुद्धा धरलं तर 20 होतात, मंगळवार. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मोजणीतली एक ठरावीक चूक आहे. म्हणून आपलं उत्तर पर्यायांत सापडलं, एवढ्याने ते बरोबर ठरत नाही.

पडताळणीसाठी तीच बेरीज पुन्हा करून काही हाती लागत नाही. ज्याने पहिल्यांदा 1948 धरलं, तो दुसऱ्यांदाही धरणारच. दुसरी वाट अशी हवी, की जिच्यात ती चूक करायला जागाच नसेल. मी जॉन कॉनवे या गणितज्ञाची डूम्सडे पद्धत वापरतो. तिचा पाया सोपा आहे. कुठल्याही एका वर्षात 4 एप्रिल, 6 जून, 8 ऑगस्ट, 10 ऑक्टोबर, 12 डिसेंबर, तसंच 9 मे आणि 5 सप्टेंबर या तारखांना एकच वार असतो. आपल्या सप्टेंबरसाठी 5 तारीख, म्हणजे शिक्षक दिन, तेवढी ध्यानात ठेवली तरी पुरे.

2000 साली या तारखांचा वार मंगळवार होता. तिथून 2023 पर्यंत 23 वर्षं आणि मधले 29 फेब्रुवारी 2004, 2008, 2012, 2016, 2020 असे 5. बेरीज 28, सातने भागून बाकी शून्य. म्हणजे 2023 मध्येही मंगळवारच. 5 सप्टेंबर मंगळवार, 12 सप्टेंबर मंगळवार, आणि 17 सप्टेंबर त्यानंतर पाच दिवसांनी, रविवार. उत्तर जुळलं.

ही वाट मला स्वतंत्र का वाटते, तर तिच्यात 1948 येतच नाही. 2000 लीप होतं की नव्हतं, हा वादही येत नाही, कारण आपण त्या वर्षाच्या 29 फेब्रुवारीच्या पुढून निघालो आहोत. दोन्ही मोठ्या चुकांना इथे दारच नाही. 28 वर्षांच्या चक्राचीही एक रीत आहे: 1901 ते 2099 या काळात कॅलेंडर दर 28 वर्षांनी तसंच परत येतं, म्हणून 17 सप्टेंबर 1976 आणि 17 सप्टेंबर 2004 हे दोन्ही शुक्रवार. तिथून पुढे 19 वर्षं आणि 4 लीप दिवस, बेरीज 23, बाकी 2, रविवार. झटपट आहे, पण ती प्रश्नात दिलेल्या शुक्रवारवरच उभी आहे. तो शुक्रवारच चुकीचा छापला गेला असेल, तर ही रीत काही बोलणार नाही.

तो शुक्रवार तपासायचा असेल तर 15 ऑगस्ट 1947 धरा, त्या दिवशी शुक्रवार होता. तिथून 15 ऑगस्ट 1948 पर्यंत मध्ये 29 फेब्रुवारी 1948 येतो, म्हणून दोन वार पुढे, रविवार. मग 33 दिवस, बाकी 5, शुक्रवार. हे जरा थांबून पाहा: तोच 29 फेब्रुवारी 1948 या हिशेबात धरावा लागला आणि मुख्य प्रश्नात सोडावा लागला. म्हणून मी वहीत 'लीप वर्षं किती' असं लिहिणंच बंद केलं आहे. मी 'मध्ये 29 फेब्रुवारी किती वेळा' असं लिहितो.

अभ्यासिकेतल्या एका ताईंनी यावर नेमकी शंका काढली. त्या म्हणाल्या, "दादा, एखाद्यानं 1948 धरलं आन् 2000 सोडलं, तर बेरीज 18 च येईल की. उत्तरही रविवारच. मग तुमची दुसरी वाट त्याला कुठं पकडते?"

नाही पकडत. एक जादा, एक कमी, दोन चुकांची फिटंफाट होते आणि उत्तर बरोबर येतं. पडताळणी उत्तराची होते, रीतीची होत नाही. परीक्षेत त्याला गुण मिळतील, पण रीत तपासायची असेल तर तोच माणूस दुसऱ्या मुदतीवर बसवावा लागतो. त्यासाठी आम्ही तिथेच प्रश्न बदलला: 17 सप्टेंबर 1998, म्हणजे 50 वर्षं. छाटणी आधी: 48 वर्षांत 12, उरलेल्या दोन वर्षांत एक किंवा शून्य, म्हणजे 12 किंवा 13. बेरीज 62 किंवा 63, बाकी 6 किंवा 0, म्हणून गुरुवार किंवा शुक्रवार. 2000 इथे येतच नाही, त्यामुळे फिटंफाट होणार नाही. 1948 धरणाऱ्याचं उत्तर शुक्रवार येतं. खरं उत्तर गुरुवार, कारण 48 वर्षं 1996 च्या सप्टेंबरवर संपतात आणि पुढच्या दोन वर्षांत 29 फेब्रुवारी नाही. डूम्सडेने पाहिलं तर 4 एप्रिल 2000 मंगळवार, 1999 ला रविवार, 1998 ला शनिवार. मग 5 आणि 12 सप्टेंबर शनिवार, 17 सप्टेंबर गुरुवार. ताईंनी हे गणित स्वतः फळ्यावर सोडवून दाखवलं.

दोन गोष्टी सांभाळा. '18 किंवा 19' ही छाटणी 1900 किंवा 2100 ओलांडताना तशीच लागू होत नाही. 17 सप्टेंबर 2048 पासून 75 वर्षं धरली, तर 2100 चा 29 फेब्रुवारी नसल्यामुळे संख्या 17 किंवा 18 होते. दुसरं, काही प्रश्नांत वार मुद्दाम काल्पनिक दिलेला असतो: 'समजा अमुक दिवशी बुधवार असेल तर'. तिथे डूम्सडेचं खरं उत्तर उपयोगी नाही, प्रश्नातल्या वारावरूनच जायचं. अशा वेळी 28 वर्षांची रीत पडताळणीला बरी.

सध्या वहीत पुढचा प्रकार चालू आहे: 2023 चं कॅलेंडर पुन्हा कोणत्या वर्षी वापरता येईल? पर्याय 2028, 2029, 2034, 2040. 2023 साधं वर्ष आहे, म्हणून 2028 आणि 2040 ही लीप वर्षं बघताक्षणी कटतात. 2029 साठी 6 वर्षं आणि 2024, 2028 चे दोन दिवस, बेरीज 8, बाकी 1, नाही जुळत. 2034 साठी 11 वर्षं आणि तीन लीप दिवस, बेरीज 14, बाकी शून्य. दुसऱ्या वाटेने: 2023 चा डूम्सडे मंगळवार, आणि 2000 पासून 2034 पर्यंत 34 अधिक 8, म्हणजे 42, बाकी शून्य, तोही मंगळवार. दोन्ही साधी वर्षं, दोन्हींचा डूम्सडे एक, म्हणून कॅलेंडर एकच.