दोन मेसेजला उत्तर नाही, तिसरा कसा टाकू?

"भाऊ, मोटर वायंडिंगला टाकून पंधरा दिवस झाले, दोनदा मेसेज केला, उत्तरच नाही. आता परत कसं लिहू की मिस्त्रीला रागबी येऊ नये अन् कामबी व्हावं?"

मला हे गावातले लई जण विचारतात, कारण गेल्या डिसेंबरात माझीच ५ एचपीची सबमर्सिबल अशी अडकली होती. मी आधी टाकलेले दोन मेसेज सांगतो. पहिला, "मामा मोटर झाली का?" दुसरा, "मामा काय झालं?" आता सीझनमधी त्यांच्या दुकानात वीस-पंचवीस मोटरी पडलेल्या असतात, त्यातली कोणती ते त्यांना कसं कळणार? मेसेज बघितला असेल, पण उत्तर द्यायचं तर आधी उठून मोटर शोधावी लागते, मग राहूनच जातं.

तिसऱ्या वेळी मी सकाळी आठच्या आत, दुकान उघडायच्या आधी, पावतीचा फोटो टाकून त्याच्याखाली असं लिहिलं:

"नमस्कार मामा. पावती ११७, ५ एचपी सबमर्सिबल, ४ तारखेला टाकली, १५०० ॲडव्हान्स दिलाय. ११ ला देतो म्हणलात, आज २० आहे. हरभऱ्याला घाटे लागायलेत, २६ च्या आत पाणी द्यावं लागतंय. २४ ला मोटर भेटेल का, एवढं सांगा. काही सामान अडलं असलं तर तेबी सांगा, मी उद्या परभणीला चाललोय, घेऊन येतो."

"उत्तर का देत नाही" हे मी मुद्दाम लिहिलं नाही. ते लिहिलं की माणूस आधी स्वतःची बाजू मांडतो अन् मोटर बाजूलाच राहते. त्याऐवजी हो-नाही मधी उत्तर देता येईल असा एकच प्रश्न ठेवला, अन् शेवटच्या ओळीत त्यांना अडचण सांगायला जागा दिली.

अर्ध्या तासात फोन आला. तार भरून झाली होती, पण खोलल्यावर थ्रस्ट बेअरिंग झिजलेलं निघालं, त्या मापाचं दुकानात नव्हतं, अन् खर्च वाढतोय हे सांगायला ते अवघडले होते. उभ्या मोटरीत वरून येणारा सगळा दाब ते बेअरिंगच झेलतं, ते तसंच ठेवून मोटर बोअरमधी सोडली असती तर रोटर घासून नवी वायंडिंगबी गेली असती. म्हणजे ते थांबले ते बरोबरच होतं, फक्त कळवलं नाही. मी जुनं बेअरिंग नमुन्याला नेलं अन् तसंच नवं आणून दिलं.

२३ ला संध्याकाळी मोटर भेटली. माझ्यासमोर मेगर लावून वायंडिंगमधून करंट गळत नाही हे दाखवलं, २४ ला बोअरमधी सोडली अन् २५ ला हरभऱ्याला पाणी चालू होतं.

अशा मेसेजलाबी दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर मात्र चौथा लिहू नका, पावती घेऊन दुकानावर जा अन् आपली मोटर डोळ्यानं बघा, खोललीय का तशीच पडलीय.