आत्याचं मृत्युपत्र करताना

आत्याला मूलबाळ नाही, नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली. शिक्षिकेच्या पगारातून तिने एकटीच्या नावावर फ्लॅट घेतला. तो माझ्या धाकट्या बहिणीला मिळावा असं तिचं म्हणणं होतं. सोसायटीत बहिणीचं नॉमिनेशन होतंच, त्यामुळे मृत्युपत्राची गरज काय, असं आत्या विचारायची. वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि ती गप्प झाली. नॉमिनीच्या नावावर सोसायटी फ्लॅट करून देते, पण त्याने वारसांचा हक्क संपत नाही. आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार निपुत्रिक विधवा मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची स्वतःची कमाई नवऱ्याच्या वारसांकडे जाते. माहेरच्या आईवडिलांकडून वारशाने आलेलं मात्र वडिलांच्या वारसांकडे परत येतं. म्हणजे हा फ्लॅट पुतण्यांकडे, आत्याच्या दिवंगत दिरांच्या मुलांकडे गेला असता. आक्षेप आला तर तिकडूनच येणार हे उघड होतं, म्हणून मसुदा आम्ही त्यांच्या वकिलाच्या नजरेनेच वाचत होतो.

स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. मसुदा मराठीत केला, कारण आत्याला इंग्रजी कायदेशीर भाषा कळत नाही, आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही असली की पहिला प्रश्न तिथेच निघतो. सुरुवातीला आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द केल्याचं वाक्य. मग फ्लॅटचा क्रमांक, मजला, इमारत, क्षेत्रफळ, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक. ‘माझं घर’ एवढंच लिहिणं सोपं, पण नंतर अर्थ लावत बसावं लागतं. फ्लॅट स्वकष्टार्जित कसा, हेही एका ओळीत आलं.

बहीण आधी गेली तर काय, हा प्रश्न बहुतेक जण अशुभ म्हणून टाळतात. आम्ही लिहिलं : मग फ्लॅट तिच्या मुलीला. शेवटी, वर न लिहिलेलं जे काही उरेल ते कोणाला, हेही. या कलमाशिवाय एखादी विसरलेली ठेव पुन्हा वारसाहक्काच्या नियमांनी वाटली जाते.

पुतण्यांना फ्लॅट का नाही, हे लिहायचं की नाही यावर आत्या अडली. वाईट दिसेल म्हणाली. वकिलांनी कडवट काहीच न लिहिता कारण मांडलं : आजारपणात भाची जवळ राहिली, पुतणे आपापल्या जागी स्थिर आहेत. जवळच्या वारसाचा उल्लेखच नसेल, तर ‘काकूंना भानच नव्हतं’ म्हणायला जागा राहते. पुतण्यांची नावं घातली आणि बँकेतल्या एका ठेवीची रक्कम त्यांना दिली.

साक्षीदार निदान दोन लागतात. त्यांनी मृत्युपत्र वाचायची गरज नसते. आत्याला सही करताना बघायचं किंवा ‘ही माझीच सही’ हे तिच्या तोंडून ऐकायचं, आणि मग तिच्यासमोर स्वतः सही करायची. मेहुणे साक्षीला तयार होते, पण ज्याच्या घरात फ्लॅट जाणार त्याचीच साक्ष म्हणजे आयतं कोलीत. (ख्रिस्ती किंवा पारशी कुटुंबात तर साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याबायकोला दिलेलं रद्दच ठरतं, हिंदूंना तो नियम लागत नाही.) शेजारच्या वयोवृद्ध काकांनाही नको म्हटलं, कारण पुढे वाद झाला तर निदान एका हयात साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं. शेवटी आत्याचे नेहमीचे डॉक्टर आणि तिची एक माजी विद्यार्थिनी. डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून, ती भानावर आहे आणि निर्णय समजून घेते आहे, असा दाखला दिला.

व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा एक्झिक्युटर, मी झालो. मला मृत्युपत्रातून काही मिळत नाही आणि मी आत्याहून बराच लहान आहे, एवढीच पात्रता. माझ्यानंतर कोण, तेही नाव लिहिलं.

नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात केली. तिथे फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात, त्यामुळे ‘सहीच खोटी’ हा आरोप जड जातो. दबावाचा आरोप मात्र नोंदणीनेही सुटत नाही. ज्याला लाभ, त्यानेच धावपळ केली तर कोर्ट संशयाने बघतं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यात मांडलं आहे. म्हणून बहिणीला वकिलांकडे नेलं नाही, नोंदणीलाही नाही. आत्याशी बोलताना वकिलांनी मलाही बाहेर बसवलं. प्रत्येक पानावर आत्याची सही झाली, आणि एका तारखेतली खाडाखोड दिसताच वकिलांनी ते पान पुन्हा छापून घेतलं.

संध्याकाळी आत्याने स्वतःच थोरल्या पुतण्याला फोन लावला. ‘फ्लॅट भाचीला दिलाय, तुम्हाला ठेव. काही विचारायचं असेल तर आत्ता विचार, मी आहे तोवर.’ त्याने विचारलं, ‘काकू, ठेव कुठल्या बँकेत आहे?’

‘ते व्यवस्थापकाला ठाऊक आहे,’ म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.