तीनदा परत आलेला तक्ता: माझा अनुभव

माझा प्रबंध धूम्रपान आणि जुनाट खोकला यांवरचा केस-कंट्रोल अभ्यास होता, म्हणजे आजार असलेले (केसेस) आणि नसलेले (कंट्रोल्स) अशा दोन गटांची तुलना. विषयाची मंजुरी, नैतिकता समितीचा कागद, रुग्णांच्या मुलाखती, सगळं वेळेत झालं. अडकलो ते एका शब्दावर. स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी माझं निष्कर्षांचं प्रकरण तीनदा परत पाठवलं आणि तिन्ही वेळा 'धोका' या शब्दाभोवती लाल गोल होता. शेजारी एक अक्षर नाही. एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

चौथ्यांदा मी समोरच जाऊन बसलो. त्यांनी माझा तक्ता बाजूला सारला आणि ब्रिटिश संशोधक डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये छापलेला पुरुषांचा तक्ता कागदावर काढला. केसेस म्हणजे फुफ्फुसाचा कॅन्सर झालेले ६४९ जण: धूम्रपान करणारे ६४७, न करणारे २. कंट्रोल्स म्हणजे दुसऱ्या आजारांसाठी दाखल झालेले, तेही ६४९: करणारे ६२२, न करणारे २७.

"काढ रिस्क," त्या म्हणाल्या.

रिस्क म्हणजे तोच माझा 'धोका': गटातल्या एकूण जणांपैकी किती जणांना आजार झाला. मी झटपट काढली. धूम्रपान करणारे एकूण १२६९, त्यांत कॅन्सरचे ६४७, म्हणजे ५१ टक्के. न करणारे २९, त्यांत २, म्हणजे जवळपास ७ टक्के. दोन्हींचा भागाकार, म्हणजे रिस्क रेशो, ७.४.

"म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या दर दोघांतल्या एकाला फुफ्फुसाचा कॅन्सर होतो?"

मी गप्प. तो ५१ टक्के आकडा आजाराचा नव्हताच. एका केसमागे एक कंट्रोल घ्यायचा हे संशोधकांनी ठरवलं, म्हणून तो निम्म्याच्या आसपास आला.

मग त्यांनी कंट्रोल्स दसपट करायला लावले: ६२२० आणि २७०. केसेस त्याच. आता करणाऱ्यांची 'रिस्क' ६८६७ पैकी ६४७, म्हणजे ९.४ टक्के, न करणाऱ्यांची २७२ पैकी २, म्हणजे ०.७४ टक्के. रेशो १२.८! आजार तोच, सिगारेट तीच, फक्त मी कंट्रोल्स जास्त बोलावले आणि उत्तर ७.४ वरून १२.८ वर गेलं. लाल गोल कशासाठी होता ते तेव्हा कळलं. रिस्क काढायची तर आधी निरोगी माणसांचा गट घ्यायचा आणि त्यातल्या किती जणांना आजार होतो ते वर्षानुवर्षं मोजायचं. केस-कंट्रोलमध्ये आपण आजारापासून सुरुवात करून मागे बघतो, त्यामुळे रिस्कचा छेदच हातात नसतो.

ऑड्स मात्र काढता येतात. ऑड्स म्हणजे 'एकूणपैकी किती' नव्हे. 'असलेले' भागिले 'नसलेले'. केसेसमध्ये धूम्रपानाचे ऑड्स ६४७ भागिले २, म्हणजे ३२३.५. कंट्रोल्समध्ये ६२२ भागिले २७, म्हणजे २३.०४. दोन्हींचा भागाकार, म्हणजे ऑड्स रेशो, १४.०४. कंट्रोल्स दसपट केले तरी ६२२० भागिले २७० पुन्हा २३.०४च, उत्तर हलत नाही. गंमत म्हणजे तक्ता आडवा वाचून आजाराचे ऑड्स काढले तरी १४.०४च येतो. (कंट्रोल्स वयानुसार जुळवलेले होते, त्यामुळे काटेकोर हिशेब जोड्या धरून करतात, तो इथे सोडला आहे.)

मी विचारलं, मग 'धोका चौदापट' म्हणायला काय हरकत आहे? आजार विरळ असेल तर फारशी नाही, त्या म्हणाल्या. लोकसंख्येत आजारी थोडे असले की 'आजार नसलेले' आणि 'एकूण' यांत फरक उरत नाही आणि ऑड्स रेशो रिस्क रेशोच्या अगदी जवळ येतो. संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफील्ड यांनी १९५१ मध्ये हेच दाखवलं. फुफ्फुसाच्या कॅन्सरला ते चालतं. माझा विषय होता जुनाट खोकला, आणि तो काही विरळ नव्हे. समजा करणाऱ्या १०० पैकी ६० जणांना खोकला आहे, न करणाऱ्या १०० पैकी ३० जणांना. रिस्क रेशो २. ऑड्स रेशो मात्र ६०/४० भागिले ३०/७०, म्हणजे ३.५. त्याला 'साडेतीनपट धोका' म्हटलं की थेट फुगवून सांगणं झालं.

एक राहिलंच: सॉफ्टवेअरमध्ये रकाने उलटे टाकले तर १४ ऐवजी ०.०७ येतो. घाबरू नका, तो त्याचाच व्यस्त आहे. धूम्रपानाने कॅन्सर टळतो असं मात्र लिहू नका. माझ्या मित्राने लिहिलं होतं. आणि १४.०४ पाहून फार हुरळूनही जाऊ नका. त्याचा ९५ टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरं उत्तर ज्या पट्ट्यात असावं असा अंदाज असतो तो पट्टा, साधारण ३.३ ते ५९ इतका रुंद आहे, कारण धूम्रपान न करणाऱ्या केसेस फक्त दोनच होत्या.

शेवटी मी 'धोका' खोडून 'ऑड्स' लिहिलं. चौथ्या खेपेला सही झाली, तीही लाल पेननेच.